मालकाचं नाव

घणसोली गावात चैत्र-वैशाखात कुठल्याही बोळात शिरलात तरी शिंक येते. ही पुतळाबाईची कृपा. गावदेवीच्या बाजूच्या बोळात तिचं दुकान. पुढे सुकी मासळी आणि मागे मसाला कांडपाचं मशीन. बोंबील, सोडे, जवळा, वाकट्या टांगलेल्या, आणि त्यांच्यामागे लाल धुळीत उभी असलेली पुतळाबाई. डोक्याला फडकं, नाकाला पदर, फक्त डोळे उघडे. नव्या टॉवरमधल्या बाया गाड्या गावाबाहेर लावून नाकाला रुमाल धरत तिच्याकडे येतात. त्यांना ती सांगते, "मिरची उन्नात घालून आना, मंग कांडीन. ओली मिरची माझ्या मशीनला चालायची नाय." आणि त्या शिकलेल्या बाया निमूट परत जातात.

तोंडाची फटकळ, हिशेबाची चोख, आणि कुणाच्या बापाला न भिणारी. असं सगळं गाव तिच्याबद्दल म्हणतं. एका बाबतीत मात्र ती मेणाहून मऊ होती, आणि तिथेच तिचा घात झाला. ती बाब म्हणजे तिचा नवरा, धर्मराज.

धर्मराज वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, पुतळाबाईने कधीच निकाल लावला असता. तो नुसता बिनकामाचा होता. देखणा, गोड गळ्याचा, भजनात पुढे, लग्नाच्या हळदीत पुढे, आणि कामाच्या वेळी कुठेच नाही. पुतळाबाईने पाटीवर मासळी घेऊन दारोदार फिरून भांडवल उभं केलं, जुन्या घरमालकाकडून गाळा भाड्याने घेतला, मशीन आणलं. धर्मराजने काय केलं, तर उद्घाटनाला नारळ फोडला. पुढल्याच वर्षी तो उरणला मोऱ्याच्या धक्क्यावर कुणा बोटवाल्याकडे कामाला म्हणून गेला, आणि तिथेच एका बाईकडे राहिला. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे त्याला बांधून ठेवायला काही नव्हतं. पुतळाबाईने ना आरडाओरडा केला, ना कुंकू पुसलं. कुणी विचारलंच तर म्हणायची, "मालक मोऱ्याला हायेत. कामावर."

मालक. आपल्याकडच्या बाया नवऱ्याला असंच म्हणतात. नाव घ्यायचं नाही, मग काहीतरी म्हणायला तर पाहिजे. तर तो मोऱ्याला बसून जाळी विणत होता आणि ती इथे मिरच्या कांडत होती, आणि मालक तो होता.

धनेश हा जुन्या घरमालकाचा मुलगा. बाप शेतकरी होता, पोरगा बिल्डर झाला. बाप गेल्यावर त्याने गावठाणातलं ते कौलारू घर आणि त्याला लागलेले गाळे पाडून मजले चढवायचे ठरवले. त्यात गैर काही नव्हतं. त्याने गाळेवाल्यांना बोलावून सांगितलं, ज्याचा धंदा त्याला नव्या इमारतीत खाली गाळा, लेखी करार. शेजारच्या गाळ्यातल्या शमीमचा करार झाला. ती मूळची पनवेलकडची, ब्लाउज शिवते. रसवंतीवाल्याचा झाला. पुतळाबाईला काही बोलावणं येईना.

शेवटी तीच धनेशकडे गेली. तिच्या कडेवर खेळलेला पोरगा तो. लहानपणी तिच्या पाटीतले सोडे चोरून खायचा.

"धनेश, माझा कागद कवा करतंस रं?"

धनेशने मोबाइल खाली ठेवला. "आत्या, तुझ्या दुकानाचं झालंय ना. मालकाशी बोलणं झालं. सह्या पण झाल्या."

"कोन मालक?"

"अगं, धर्मराजकाका. लायसन त्यांच्या नावावर आहे. शॉप अ‍ॅक्ट त्यांच्या नावावर आहे. मी कायद्याने चाललोय आत्या, टेन्शन नको घेऊ. ते जागा सोडतायत, त्यांच्या नावाने दुसऱ्या मजल्यावर एक गाळा देतोय मी."

पुतळाबाई आधी हसली. तिला वाटलं, पोरगा मस्करी करतोय. मग तिने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तो मोबाइलकडे बघत होता. ज्याला लाज वाटते तो माणूस मोबाइलकडे बघतो, हे तिला दुकानात उभं राहून चांगलं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने शटर ओढलं आणि शमीमला बरोबर घेऊन महापालिकेच्या विभाग कार्यालयात गेली. शमीमला वाचता येत होतं, आणि मुख्य म्हणजे भांडता येत होतं. परवाना विभागात अभिराम नावाचा तरुण कारकून बसला होता. त्याने परवाना क्रमांक विचारला. पुतळाबाईने पिशवीतून फ्रेमसकट परवाना काढून टेबलावर ठेवला. दुकानाच्या भिंतीवर गणपतीशेजारी तो लावलेला असे, दर दसऱ्याला त्याला हार घातला जाई. काचेवर मसाल्याचं पुट होतं. अभिरामने फडक्याने काच पुसली, संगणकात क्रमांक टाकला, आणि वाचून दाखवलं. व्यवसाय, मसाला कांडप व सुकी मासळी विक्री. परवानाधारक, धर्मराज मढवी.

"पुतळाताई, येवढी वर्षं भिंतीवर लावलं व्हतं की!" शमीम कळवळून म्हणाली. "मी पन कधी वाचलं नाय गं."

"मी वाचून काय करनार व्हते? सरकारी कागद. असंल बरोबर."

अभिरामने आत जाऊन जुनी फाइल काढून आणली. अर्जावर फोटो धर्मराजचा, सही धर्मराजची, आणि जोडलेलं जागामालकाचं ना हरकत पत्र, तेही धर्मराजच्याच नावाने, खाली धनेशच्या बापाचा अंगठा. दरवर्षी नूतनीकरण एजंट करून आणत होता, नाव तेच पुढे चाललं होतं.

"अलीकडेच माहितीच्या अधिकारात याच्या प्रती मागितल्या होत्या एकांनी," अभिराम म्हणाला. "दुसऱ्याच्या नावाचा कागद मागितला की आम्ही आधी परवानाधारकाला पत्र पाठवतो, हरकत असेल तर कळवा म्हणून. तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवलं होतं. हरकत आली नाही. मग आधार आणि फोन नंबर झाकून बाकीच्या प्रती दिल्या."

पत्र आलं होतं. पोस्टमनने दिलं तेव्हा तिने विचारलं होतं, कुणाचं? तो म्हणाला, धर्मराज मढवी. मालकांचं पत्र कसं उघडायचं, म्हणून तिने ते हळदीच्या डब्यामागे जपून ठेवलं होतं. मोऱ्याहून आले की देऊ. त्याला यायला जमलं नव्हतं, आणि पत्र अजून डब्यामागेच होतं. हे तिने अभिरामला सांगितलं नाही. शमीमलाही नाही.

"मंग नाव बदला ना. दुकान माझा हाय. सगल्या गावाला विचारा."

"बदलता येतं, मावशी. परवानाधारकाचं ना हरकत आणि प्रतिज्ञापत्र आणा, जागामालकाचं पत्र आणा, आम्ही तुमच्या नावावर करू." मग त्याने आवाज जरा खाली आणला. "आणि एक लक्षात घ्या, हा परवाना म्हणजे धंदा करायची परवानगी आहे. जागा कुणाची, हक्क कुणाचा, ते यावरून ठरत नाही."

कामगार खात्याच्या कार्यालयातही तेच झालं. तिथल्या बाईंनी नोंद काढून दिली. आधी जुन्या कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र होतं, आणि कायदा बदलल्यावर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना जी सूचना द्यावी लागते तिची पावती होती. ती एजंटनेच ऑनलाइन भरलेली. दोन्हीकडे रकाना एकच, मालकाचे नाव. दोन्हीकडे उत्तर एकच. आणि कामगारांची संख्या एक. पुतळा मढवी.

ते वाचून शमीमने कपाळावर हात मारला. पुतळाबाईला तो दिवस आठवला होता. मशीन नुकतं बसलं होतं. एजंट अर्ज घेऊन दुकानात आला, फळीवर बसला आणि पेन काढून म्हणाला, "मालकाचं नाव?"

काय विचारत होता तो, आणि काय समजली ती! तिच्या कानाला मालक म्हणजे एकच माणूस. तिने पदर डोक्यावर ओढला आणि नाव तोंडाने घ्यायचं नाही म्हणून भिंतीवरच्या रेशन कार्डाकडे बोट दाखवलं. एजंटने उतरून घेतलं. मग म्हणाला, "मालकांची सही लागेल." धर्मराज गणपतीच्या नाचाच्या तालमीला गेला होता. पुतळाबाईने त्याला निरोप धाडून बोलावून घेतलं. तो आला, ऐटीत सही केली, फोटो दिला, चहा प्यायला आणि परत नाचायला गेला. आणि तिला त्या दिवशी केवढा अभिमान वाटला होता! आपला माणूस सरकारी कागदावर सही करतोय. इतका वेडा अभिमान माणसाने कशाचाच बाळगू नये.

शमीमच्या ओळखीने त्या संघप्रिया नावाच्या वकील मुलीकडे गेल्या. तिने सगळं ऐकलं, कागद पाहिले आणि भाड्याच्या पावत्या मागितल्या.

"पावत्या कसल्या गं बाय? धनेशचा बापूस मना भैन मानायचा. आपल्या आपल्यात कोन पावती करतं?"

"विजेचं मीटर?"

"घरमालकाचं."

संघप्रियाने पेन खाली ठेवलं. "मग नीट ऐका. परवाना आणि शॉप अ‍ॅक्ट हे मालकीचे पुरावे नाहीत, त्यामुळे धनेशला वाटतं तितकी त्याची बाजू घट्ट नाही. आणि तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी कागदावर नाही. ताबा. इतकी वर्षं दुकान तुम्ही उघडलंत, तुम्ही बंद केलंत, चावी तुमच्या कमरेला आहे. मी कोर्टात मनाईचा अर्ज टाकते. तो सुनावणीला येईपर्यंत एकच करायचं, चावी कुणाच्याही हातात द्यायची नाही. ते जबरदस्तीने काढू शकत नाहीत. काढलं तर आपण पोलिसात जाऊ. पण तुम्ही स्वतःहून दिलीत, तर मी काही करू शकणार नाही. कळलं?"

"कलला."

"आणि तुमच्या मिस्टरांनी लिहून दिलं की धंदा तुमचा आहे, तर सगळंच सोपं होईल."

म्हणून ती मोऱ्याला गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. जाताना सोड्यांची पुडी घेतली, त्याला आवडतात म्हणून. आता हसावं की रडावं?

धर्मराज धक्क्याजवळ एका झोपडीवजा घराच्या पडवीत जाळं दुरुस्त करत बसला होता. गाल बसले होते, दात गेले होते. गळाही गेला असावा, कारण बोलताना घरघर येत होती. त्याच्याबरोबर राहणारी बाई आतून डोकावली आणि परत आत गेली. पुतळाबाईने सगळं सांगितलं. कागदावर चुकून नाव लागलं, वकील म्हणते लिहून द्या, एवढंच मागायला आले.

जाळ्यातून नजर न काढता तो म्हणाला, "त्याने गाडी धाडली व्हती, पुतळे. धनेशने. एसीवाली. मना म्हनला, मालक, बसा. जलमात मना कुनी मालक नाय म्हनला."

"मी काय म्हनत व्हते येवढी वर्सं?"

"तुझं वेगला. तू बायको." त्याने सुतळीची गाठ दातांनी ओढायचा प्रयत्न केला आणि दात नाहीत हे आठवून हातानेच ओढली. "माझ्या नावावर काय पन नव्हता. बोट नाय, घर नाय. हे घर पन हिच्या भावाचं हाय. आन एक दिवस मानूस येतंय नि सांगतंय, तुमच्या नावावर दुकान हाय. मना पन बरा वाटला."

"दुकान माझा हाय."

"ता मना ठावं हाय. पन नाव तूच घातलंस ना? मी कुठं मागितला व्हता?"

गावात कुणालाही एका वाक्यात गप्प करणारी बाई, पण तिथे तिने नुसती सोड्यांची पुडी त्याच्यापुढे सरकवली. त्याने लिहून दिलं नाही. नाहीही म्हणाला नाही. 'बघतो' म्हणाला, जसा तो आयुष्यभर म्हणत आला होता. सोड्यांची पुडी मात्र ठेवून घेतली.

घरी येऊन ती खूप रडली, आणि मग रडण्याचाच तिला राग आला. सकाळी तिने कमरेच्या चावीला नव्या नाडीची दुहेरी गाठ मारली. शमीमला म्हणाली, "आता जीव गेला तरी चावी द्यायची नाय. बोटं तोडली तरी नाय." शमीमने सगळ्या बोळाला सांगून ठेवलं. रसवंतीवाला म्हणाला, हाक मारा, आम्ही आहोत. बाया म्हणाल्या, बघू कोण येतंय. इतकी माणसं आपल्या बाजूने आहेत हे पाहून पुतळाबाईला धीर आला. दोनदा धनेशची माणसं येऊन बघून गेली. दोन्ही वेळा तिने त्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. संघप्रियाचा फोन आला, अर्ज दाखल झालाय, थोडे दिवस कळ काढा.

मग एका दुपारी धनेश स्वतः आला. पांढरी गाडी बोळाच्या तोंडाशी थांबली आणि तिच्यातून धर्मराज उतरला. अंगात नवा पांढरा सदरा होता, घडीच्या खुणा अजून मोडल्या नव्हत्या. पुतळाबाईने झटकन शटर खाली ओढलं, कुलूप घातलं आणि पायरीवर बसली. बोळ बघता बघता भरला.

"आत्या," धनेश सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी काही जबरदस्ती करत नाहीये. दुकानाचे मालक स्वतः आलेत. कागदावरचे मालक. ते त्यांचं दुकान उघडतील. काका, या."

धर्मराज पुढे आला. शटरजवळ गेला, कुलपाला हात लावला, आणि तसाच उभा राहिला. चावी कुठून आणायची, काय म्हणायचं, काही सुचेना. त्याने धनेशकडे पाहिलं. धनेश मोबाइलकडे बघत होता.

रसवंतीवाल्याने सुरुवात केली. "काय मालक! स्वतःच्या दुकानाची चावी नाय?"

लोक हसले.

"मालकांना इचारा, बोंबील कुठल्या फळीवर हाय?" एक बाई म्हणाली. पुन्हा हसू फुटलं.

शमीम पुढे झाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज मात्र चढलेला. "मालक, मशीनचं बटन दाखवा आधी! तेवढं दाखवलंत तर मी माझं दुकान पन तुमाला देते!"

आता सगळा बोळ हसत होता. लहान पोरंही 'मालक, मालक' करून ओरडायला लागली. सगळे पुतळाबाईसाठीच हसत होते. धर्मराज खाली मान घालून कुलपाकडे बघत उभा होता. सदरा पाठीला घामाने चिकटला होता. म्हातारा झाला होता तो. तो मागे फिरून कुणाच्या नजरेला नजर देईना.

पुतळाबाई उठली.

"हसू नका!" ती ओरडली. "हसायला काय झाला? तुमच्या घरात कुनी मानूस नाय काय?"

तिने कमरेची गाठ सोडायला घेतली. दुहेरी होती, लवकर सुटेना.

"पुतळाताई," शमीम म्हणाली. "पुतळाताई, नको. वकील काय म्हनली? ताई!"

गाठ सुटली. पुतळाबाईने चावी धर्मराजच्या हातात दिली. तरी त्याला कुलूप उघडेना, कारण ते खालून दाबून फिरवावं लागतं. तेव्हा तिने त्याचा हात बाजूला सारला, कुलूप उघडलं, आणि शटरही तिनेच खांदा लावून वर केलं. मग ती बाजूला झाली, डोक्यावर पदर घेतला, आणि त्याला आत जाऊ दिलं.

मागून धनेश आत गेला. त्याने फोन लावला आणि माणसांना टेम्पो घेऊन यायला सांगितलं.